आधी मान्य करून मग खोडायचे

फ्रेंचच्या डेल्फ बी-२ परीक्षेत लेखनाला एक तास मिळतो. किमान २५० शब्दांत आपले मत मांडून ते पटवून द्यायचे असते. समजा, विषय आहे : पॅरिसच्या मध्यभागात खासगी मोटारींना बंदी असावी का? बहुतेक विद्यार्थी बंदीच्या बाजूची कारणे एकामागून एक लिहीत जातात. व्याकरण शुद्ध असते, पण विरोधकाचे म्हणणे कुठेच येत नाही आणि वाद उभाच राहत नाही.

आराखडा सोपा आहे. प्रस्तावनेत प्रश्न स्पष्ट करून आपली दिशा सांगायची, मग प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याचे उदाहरण, शेवटी ठाम उत्तर. खरी कसोटी मधल्या परिच्छेदांत लागते. तिथे ‘सेर्त’ म्हणजे ‘मान्य आहे’ असे म्हणून समोरच्याचा मुद्दा स्वीकारायचा आणि ‘मे’ म्हणजे ‘पण’ म्हणून आपला मांडायचा. ‘मान्य आहे, बंदीमुळे दुकानदारांना माल आणणे अवघड जाईल, पण पहाटेच्या ठरावीक वेळेत मालवाहू गाड्या सोडता येतील.’ वाक्याचा भार ‘मे’नंतरच्या भागावर पडतो. क्रम उलटला, तर नकळत दुकानदारांची बाजू जिंकते. मान्य केलेला मुद्दा खरोखर वजनदार असावा, असे मला आग्रहाने वाटते. फुसका आक्षेप खोडून वाचकाला काहीच पटत नाही.

जोडशब्द निवडताना दोन नाती वेगळी ठेवावी लागतात. मेट्रोतून शेकडो माणसे जातात, मोटारीत बहुधा एकच असतो, ही नुसती तुलना झाली. तिथे ‘आं रव्हांश’ शोभते. मेट्रो दाराशी आहे आणि तरीही लोक मोटार काढतात, इथे अपेक्षाभंग आहे. म्हणून ‘पुर्तां’ हवे. त्यांची अदलाबदल केली, तर वाक्य व्याकरणात बसते, पण विचार भरकटतो.

सवलत देणाऱ्या शब्दांचे नियमही वेगळे आहेत. ‘माल्ग्रे’नंतर नाम येते : गर्दी असूनही, पाऊस असूनही. ‘बियां क’नंतर पूर्ण वाक्य येते आणि क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये जाते, म्हणजे ‘आहे’साठी नेहमीचे ‘ए’ न वापरता ‘सुआ’ लिहायचे. ‘मेम सी’ला मात्र साधे ‘ए’ चालते, त्यामुळे सब्जंक्टिव्हवर हात बसलेला नसेल तर तोच शब्द घ्यावा. मराठी माणसाची इथे एक खास चूक होते. ‘जरी’ आले की ‘तरी’ येणारच, या सवयीने तो ‘बियां क’ने सुरू केलेल्या वाक्याच्या मध्यावर ‘मे’ घालतो. फ्रेंचमध्ये तिथे फक्त स्वल्पविराम पुरतो. शेवटची पाच मिनिटे राखून प्रत्येक ‘बियां क’ शोधावा, पुढचे क्रियापद तपासावे आणि आगंतुक ‘मे’ दिसला तर खोडून टाकावा.