गटाचा निरोप : ये, या की यावे?



गटाच्या बैठकीचा निरोप पूर्वी एखाद्या पोरीबरोबर तोंडी जायचा. ती दारात उभी राहून "आजी, तुला बोलवलंय" म्हणायची आणि आजी हातातलं काम टाकून यायची. आता तोच निरोप सचिव मोबाईलवर लिहिते. तोंडाने बोलताना आवाजात माया असते, चेहऱ्यावर हसू असतं. लिहिलेल्या ओळीबरोबर यातलं काहीच जात नाही. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी पावरी, मावची, अहिराणी किंवा भिली बोलतात आणि मराठी शाळेत किंवा कामाच्या निमित्ताने शिकलेली असते. म्हणून दिवस आणि वेळ कळवताना कोणाला कसं लिहायचं, एवढंच आज बोलू या.

आधी एक गोष्ट पक्की करू. मराठीत मान क्रियापदात असतो. नावापुढे "सर" किंवा "मॅडम" लावलं की मान दिला, असं वाटतं. पण "सर, गुरुवारी येतो का?" असं लिहिलं, तर सुरुवातीच्या "सर"ने दिलेला मान शेवटच्या "येतो"ने काढून घेतला. तिथे "सर, गुरुवारी येता का?" किंवा "याल का?" हवं. दुसऱ्याबद्दल लिहितानाही तेच. "मॅडम उद्या येणार आहे" असं नाही, "मॅडम उद्या येणार आहेत". मॅडम एकच असल्या तरी क्रियापद अनेकवचनी. बाईमाणसाला विचारताना "तुम्ही कधी मोकळ्या आहात?" आणि पुरुषाला "तुम्ही कधी मोकळे आहात?" निरोप पाठवण्याआधी एकच तपासणी पुरते: शेवटचा शब्द वाचायचा आणि तो पहिल्या शब्दाशी जुळतो का ते बघायचं.

आता बोलावण्याच्या पायऱ्या बघा. "ये" हे तू म्हणतो त्या माणसासाठी. "या" हे तुम्ही म्हणतो त्याच्यासाठी. "यावे" हे पत्रातलं, आमंत्रणातलं, थोडं अंतर ठेवून दिलेल्या मानाचं. चौथं एक रूप सूचनाफलकावर असतं: "येणे". "सर्व सदस्यांनी १० वाजता येणे", "पासबुक सोबत आणणे". हे कार्यालयाने काढलेल्या आदेशाचं रूप आहे. ते वाईट नाही, पण त्यात समोरच्याला नाही म्हणायची जागा नसते. वडीलधाऱ्यांना आणि गिऱ्हाइकाला ते कधी लिहू नये. "हजर राहावे" यालाही आम्हाला हजेरीपटाचा वास येतो. त्यापेक्षा साधं "यावे" बरं.

उदाहरणच घेऊ. समजा धडगावकडच्या एका पाड्यावर गटाने आमचूर वाळवून ठेवलं आहे. गुरुवारी, १४ मे रोजी, सकाळी १० वाजता व्यापारी माल बघायला आणि वजन करायला येणार. माल ठेवलाय शाळेच्या खोलीत, आणि सुट्टी असल्यामुळे किल्ली गुरुजींकडे. गटातली सगळ्यात वडील आजी वजनाच्या वेळी समोर असावी, कारण तिचा शब्द सगळ्या मानतात. हिशेब लिहायला बारावीला असलेली एक मुलगी हवी. काम एकच, वेळ एकच, पण निरोप चार.

गुरुजींना असं लिहिता येईल: "सर, नमस्कार. गुरुवारी, १४ मे रोजी, सकाळी १० वाजता आमचूरचं वजन आहे. त्यासाठी शाळेची खोली उघडावी लागेल. तुम्हाला साडेनऊला येणं जमेल का? नसेल जमत तर किल्ली कोणाकडून घेऊ ते कळवा." यात दोन गोष्टी आहेत. "जमेल का" हा खरा प्रश्न आहे, आणि जमलं नाही तर काय करायचं याची वाटही दिली आहे. गुरुजी सुट्टीत आहेत, त्यांच्यावर आपला हक्क नाही. "साडेनऊला या" एवढंच लिहिलं तर व्याकरण बरोबर आहे, तरी तो हुकूमच झाला. मान म्हणजे नुसतं "तुम्ही" नाही. नकार द्यायला मोकळीक ठेवणं हाही मानच.

व्यापाऱ्याला: "नमस्कार भाई. १४ मे, गुरुवार, सकाळी १० वाजता शाळेजवळ माल तयार असेल. वजन काटा आमच्याकडे आहे. ही वेळ तुम्हाला सोयीची आहे का, ते मंगळवारपर्यंत कळवा." गुजरातकडून येणाऱ्या व्यापाऱ्याला भाई किंवा शेठ चालतं; व्यापारी बाई असेल तर ताई किंवा बेन. वयाचा अंदाज करून काकू, आजी म्हणू नका. तिचं वय मोजायला आपण निरोप पाठवत नाही. पुष्कळ जणी व्यापाऱ्याला घाबरून फार वाकून लिहितात: "आपण कृपया कृपा करून यावे ही नम्र विनंती". असं लिहिणाऱ्याचा भाव व्यापारी आधीच पाडून ठेवतो. माल आपला आहे. "तुम्ही" आणि "कळवा" यात पुरेसा मान आहे, आणि आपलाही जात नाही.

आजीला लिहायचं असेल, म्हणजे बहुधा तिच्या नातवाच्या फोनवर, तर तो वाचून दाखवणार हे धरून लिहा. घरात आजीला "तू" म्हणतात. त्यात मान कमी नसतो, उलट जवळीक असते. तरीही निरोप नातवाच्या तोंडून जाणार आणि गटाच्या नावाने जाणार, म्हणून आम्ही तिथे "तुम्ही" लिहू: "आजी, गुरुवारी सकाळी दहाला शाळेजवळ वजन आहे. तुम्ही असलात तर बरं होईल. घ्यायला कोणाला पाठवू?" चालत येणं अवघड असेल तर शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आजीने मात्र "मला तुम्ही काय म्हणतेस गं" असं म्हटलं, तर पुढच्या वेळी खुशाल "तू" लिहा. शेवटी मान कशात वाटतो ते तीच ठरवणार.

आणि त्या मुलीला: "गुरुवारी दहाला हिशेब लिहायला येशील का? वही मी आणते." "ये" लिहिलं असतं तरी चाललं असतं, "येशील का" जरा मऊ आहे. लहान म्हणून नुसतं "१० वाजता ये, वही आण" लिहायचं नाही, कारण ती गटाचं काम करते आहे, घरचं पाणी भरत नाही. तिला अचानक "तुम्ही" लिहिलं तर काही तरी बिनसलंय असं तिला वाटेल. मात्र तीच मुलगी उद्या गटाची सचिव झाली किंवा बँक सखी म्हणून आली, तर सगळ्यांच्या ग्रुपवर तिला "ताई" आणि "तुम्ही". खासगीत मावशी-भाचीचं "तू" तसंच राहू दे. चारचौघांत सून किंवा भाची म्हणून "तू" झालं की बाकीच्याही तिच्याशी तसंच वागतात, आणि मग हप्ता मागायला गेल्यावर तिचं कोणी ऐकत नाही.

आता "आपण" या शब्दाकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो. "आपण" म्हणजे मी आणि तू मिळून, आणि "आपण" म्हणजे समोरचं मोठं माणूसही. "आपण गुरुवारी बँकेत जाऊ" म्हणजे सगळ्या मिळून जाऊ. "आपण गुरुवारी बँकेत जावे" म्हणजे तुम्ही जा. "जाणार आहोत" म्हणजे आम्ही धरून, "जाणार आहात" म्हणजे तुम्ही. फरक फक्त क्रियापदात. आणि घाईत क्रियापदच गळतं: "आपण गुरुवारी १० वाजता बँकेत." हे वाचून अध्यक्ष म्हणतात, सचिव जाणार आहे, सचिव समजते, अध्यक्षांना सांगून झालं. दोघी घरी, आणि साहेब वाट बघतायत. "आपले पासबुक आणावे" यातही तेच: गटाचं की प्रत्येकीचं स्वतःचं? म्हणून आमचं मत असं की वेळ ठरवण्याच्या निरोपात मानाचा "आपण" टाळावा. समोरच्यासाठी "तुम्ही", सगळ्यांसाठी "आपण सगळ्या" असं उघड लिहावं. बँकेला किंवा पंचायत समितीला रीतसर अर्ज करायचा असेल तेव्हा "आपण" आणि "आपली" खुशाल वापरा. तिथे "आपली विश्वासू" म्हणजे कोण, याबद्दल कोणाला शंका नसते.

"परवा"ही असाच. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. फोनवर निरोप उशिरा उघडला तर "उद्या"ही चुकतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा.

नावापुढच्या अक्षरांचं थोडं जास्त बोलायला हवं. ग्रुपवर "सर्व सौ. भगिनींना" असा निरोप जातो. ज्यांचा नवरा नाही, ज्या एकट्या राहतात, ज्यांचं लग्न झालेलं नाही, त्या सगळ्या त्या एका अक्षराने बाहेर राहतात. बैठकीला हळदीकुंकू जोडलेलं असेल तर मग त्या येतच नाहीत, आणि का आल्या नाहीत हे कोणी विचारतही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये "विधवा"ऐवजी "गंगा भागीरथी" हा शब्द सरकारी कामात आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हा अनेक महिला संघटनांनी विरोध केला. शब्द गोड असला तरी नवरा आहे की नाही हेच तो सांगत होता. "श्रीमती" खरं तर कोणत्याही बाईला लावता येतं, पण आपल्याकडे अनेकांना तो ऐकताच नवरा गेलेली बाई आठवते. गटाच्या निरोपात "ताई" पुरतं. नवरा असो-नसो, सगळ्यांना एकच.

बैठक रद्द करतानाही लक्ष द्या. "गुरुवारी येऊ नका" असं वडीलधाऱ्यांना गेलं की दारातून परतवल्यासारखं वाटतं. "नका"तला मान "नको"पेक्षा जास्त असला तरी नकार तो नकारच. तिथे बोट माणसाकडे न दाखवता कामाकडे दाखवा: "गुरुवारचं वजन पुढे ढकललं आहे. व्यापाऱ्यांची गाडी येणार नाही. आता सोमवारी, १८ मे, सकाळी १० वाजता. तुम्हाला जमेल का?" आणि गुरुजींना हा निरोप सगळ्यांच्या आधी पाठवा. सुट्टीच्या दिवशी किल्ली घेऊन साडेनऊला शाळेच्या दारात तेच उभे राहणार आहेत.