शेवटच्या महिन्यांतली छातीतली जळजळ



वर्षावासात विहारात महिलांची बैठक भरते, तेव्हा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या गरोदर बायाही येऊन बसतात. सातवा महिना उलटला की निम्म्याजणींची एकच तक्रार असते: रात्री छातीत आग होते, घशाशी आंबट येते. घरची म्हातारी माणसे म्हणतात, बाळाला केस जास्त आहेत. केस असोत नसोत, कारण वेगळे आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सैल पडते आणि वाढलेले गर्भाशय जठराला खालून वर रेटते. मग आम्ल वर चढते.

तलासरीकडची आठव्या महिन्यातली एक मुलगी आम्हाला भेटली. दिवसभर काम, दुपारी घाईत दोन घास, रात्री नऊला पोटभर भात आणि तिखट सुक्या बोंबलांचे कालवण, वर चहा, आणि लगेच चटईवर आडवी. बाराला आग सुरू. ही आग लोहाच्या लाल गोळीमुळेच होते असे ठरवून तिने ती गोळी बंद केली होती. आम्हाला खरी काळजी त्याची वाटली, कारण तिचे रक्त आधीच कमी होते.

तिचे जेवण आम्ही कमी केले नाही, फक्त वाटून दिले. सकाळी सातला भाकरी-भाजी, दहाला नाचणीची आंबील, एकला अंगणवाडीतला अमृत आहार. तो एका बैठकीत संपला नाही तर अंडे किंवा केळे तासाभराने खावे. चारला मूठभर शेंगदाणे आणि संध्याकाळी सातला थोडा डाळ-भात. पाणी जेवताना भरपूर न पिता मधल्या वेळी घोट घोट प्यावे. तिखट आणि चहा रात्री नको. जेवणानंतर दोन-तीन तास आडवे व्हायचे नाही.

झोपताना डाव्या कुशीवर वळावे. जठर डावीकडे असते, त्यामुळे आम्ल खालीच राहते आणि बाळाकडचा रक्तपुरवठाही नीट होतो. खाट असेल तर उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती साधारण वीतभर उंच करावी. आपल्याकडे बहुतेकजणी जमिनीवरच झोपतात. त्यांनी गोधडीची घडी पाठीपासून डोक्यापर्यंत उताराने घालावी. नुसत्या डोक्याखाली उशा रचल्या तर मान वाकते, पोट दबते आणि जळजळ वाढते.

एवढ्यानेही थांबले नाही तर औषध. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पातळ औषध किंवा चावून खायच्या गोळ्या, कॅल्शियम कार्बोनेट, आणि सोडियम अल्जिनेट असलेले औषध ही गरोदरपणात साधारणपणे चालतात. बाटलीवर नाव वाचावे, नर्सताईला दाखवावे, प्रमाण तिलाच विचारावे. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर. खायचा सोडा आणि पाण्यात फसफसणारी पुडी मात्र टाळावी, त्यातल्या सोडियमने अंगात पाणी साठते. आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल डॉक्टर देतात, त्या स्वतःहून घेऊ नयेत. अंगदुखीची गोळी तर दुकानातून मुळीच आणू नये. तिने जळजळ वाढते, बाळालाही धोका होतो, आणि काही गोळ्यांत गर्भाशय आकुंचन पावायला लावणारे औषधही मिसळलेले असते.

आता लाल गोळी. आम्लनाशक औषध आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणून त्या मुलीला कॅल्शियमची गोळी सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणासोबत, लोहाची दुपारी तीनला पाण्याबरोबर आणि जळजळीचे औषध रात्री झोपताना, असे लावून दिले. लोहाआधी आणि नंतर दोन तास बाकी गोळ्या आणि जळजळीचे औषध नको, आणि तीनच्या आसपास चहाही नको. पंधरा दिवसांनी भेटलो तेव्हा जळजळ पूर्ण गेली नव्हती, पण ती रात्री झोपत होती आणि गोळी चालू होती.

त्याच बैठकीत दुसरी एक बाई कोपऱ्यात छातीखाली हात धरून बसली होती. म्हणाली, "ताई, पित्तच आहे, तुमचं गुलाबी औषध द्या ना." दुखणे बरगडीखाली उजवीकडे होते, डोके ठणकत होते, चेहरा सुजलेला. रक्तदाब घेतला तर १५० वर १००. हे पित्त नव्हते, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब होता. यात औषध देऊन वाट पाहत बसले तर झटके येऊ शकतात. तिला लगेच १०८ च्या गाडीतून रुग्णालयात पाठवले. जळजळ छातीच्या मधोमध, जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर होते आणि उठून बसले की उतरते. वरच्या पोटातले दुखणे बसूनही थांबत नसेल, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, हाता-तोंडाला सूज किंवा उलट्या असतील, तर बाटली बाजूला ठेवा आणि आशाताईला हाक मारा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.