गच्चीवरची डिश आणि सचिवांना अर्ज

डोंबिवलीतल्या एका पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ लावायची आहे, असं समजू. महिन्याचं भाडं नाही. डिश आणि सेट टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा. अडचण एवढीच, की घराची एकुलती एक बाल्कनी उत्तरेला आहे. या सेवेचा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई परिसरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. मध्ये भिंत आली की सिग्नल संपला. उरते गच्ची.

गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक, म्हणून सचिवांच्या नावे अर्ज करावा लागतो. ‘विषय : गच्चीवर डिश अँटेना बसविण्यास परवानगी मिळणेबाबत’ असं लिहून खाली ‘परवानगी द्यावी, ही विनंती’ एवढंच म्हटलेला अर्ज समितीच्या सभेत हमखास पुढे ढकलला जातो. कारण समितीला खरी धास्ती ड्रिल मशीनची असते.

बसवणारा माणूस घाईत स्लॅबलाच भोकं पाडून स्टँड बोल्टने आवळतो. वॉटरप्रूफिंगला तिथे छेद जातो. पावसाळ्यात पाणी त्या भोकातून कोब्यात मुरतं आणि पाचव्या मजल्यावरच्या छताला ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात. कोब्यात मुरलेलं पाणी आडवं सरकतं, त्यामुळे डाग नेमका डिशखाली दिसेलच असं नाही. मग दुरुस्तीचा खर्च कोणाचा, यावर भांडण.

म्हणून अर्जात जोडायचा मजकूर असा: ‘डिश सुमारे दोन फूट व्यासाची असून ती गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात ठेवली जाईल. स्टँड सिमेंटच्या जड ठोकळ्यावर बसवू. स्लॅबला वा कठड्याला भोक पाडणार नाही. केबल डक्टमधून क्लिपा मारून खाली आणू. डिशमुळे गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ. गच्चीचे काम निघाल्यास किंवा घर सोडताना डिश स्वखर्चाने काढून घेऊ.’ सोबत जागा दाखवणारा साधा हातचा नकाशा.

केबलचा हिशेबही आधीच करावा. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत उभे बारा मीटर, गच्चीवरचे आठ आणि घरातले पाच, म्हणजे पंचवीस. चांगल्या आरजी-६ केबलला साधारण तीस मीटरपर्यंत अडचण येत नाही; त्यापुढे सिग्नल कमजोर पडू लागतो. त्यामुळे ‘पलीकडच्या विंगच्या गच्चीवर लावा’ असं समितीने सुचवलं, तर नकाराचं कारण मीटरमध्ये सांगता येतं.

अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. ठराव मंजूर झाल्यावर लेखी परवानगी हातात आली, की मगच डिशवाल्याला बोलवावं. आणि तो गच्चीवर चढेल तेव्हा त्याच्या पिशवीतलं ड्रिल खालीच ठेवून घ्यावं.