प्रोलॅक्टिन वाढलंय, पण कोणतं?

समजा, छत्रपती संभाजीनगरमधल्या एका तरुणीचं प्रोलॅक्टिन ७८ नॅनोग्रॅम आलं. पाळी नियमित आहे, स्तनातून स्राव नाही. तरी आकडा पाहून एमआरआयची चिठ्ठी निघू शकते. म्हणून लॅबनं रिपोर्ट देण्याआधीच थांबावं.

काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिनला प्रतिपिंड चिकटून मोठा रेणू तयार होतो. हे मॅक्रोप्रोलॅक्टिन शरीराबाहेर सावकाश पडतं, त्यामुळे साठत जातं. त्याचा परिणाम जवळपास शून्य, पण यंत्र तेही मोजतं.

ते वेगळं करायला सीरममध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं २५ टक्के द्रावण समप्रमाणात मिसळतात. थोड्या वेळानं सेंट्रिफ्यूज केलं की मोठे रेणू तळाशी बसतात. वरच्या द्रवात ९ आले, तर पातळ झाल्याबद्दल दुप्पट करायचे: १८. म्हणजे ७८ पैकी २३ टक्केच उरलं. ४० टक्क्यांहून कमी उरलं, तर बहुतांश मॅक्रोप्रोलॅक्टिनच समजतात.

पण नुसती टक्केवारी फसवते. खरं प्रोलॅक्टिनही सोबत वाढलेलं असू शकतं. शिवाय त्यातलं थोडं गाळात जातंच, म्हणून १८ हा आकडा या प्रक्रियेनंतरच्या स्वतंत्र मर्यादेशीच ताडावा. लक्षणं नसताना प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं आणि रिपोर्टमध्ये हा दुसरा आकडा नसेल, तर लॅबला तो मागा.