परतावा निघाला म्हणतात, पण आहे कुठे?

ऑर्डरच्या पानावर ‘रिफंड क्रेडिटेड’ अशी हिरवी अक्षरं झळकतात आणि बँकेच्या खात्यात मात्र एक रुपयाही आलेला नसतो. दुकानाच्या कस्टमर केअरला फोन लावला तर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडून पैसे गेले, बँकेत विचारा.’ बँकेत गेलं तर तिथले म्हणतात, ‘आमच्याकडे काही आलेलं नाही, दुकानाला विचारा.’ अनेकदा दोघंही खरंच बोलत असतात. पैसे दोघांच्या मधल्या वाटेवर असतात आणि ते कुठवर पोचले हे शोधायला एक क्रमांक लागतो. हा क्रमांक मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. तो नसल्यामुळे माणसं आठवडेच्या आठवडे हेलपाटे घालत राहतात.

आधी पानावरचे शब्द पाहू. ‘रिफंड इनिशिएटेड’ याचा अर्थ दुकानाने परतावा मान्य केला आणि तो देण्याची सूचना आपल्या यंत्रणेत नोंदवली. पैसे अजून हललेले नसतात. ऑनलाइन दुकान आपल्याकडून पैसे थेट घेत नाही, मध्ये पेमेंट गेटवे नावाची कंपनी असते. दुकानाची सूचना या गेटवेकडे जाते. गेटवे परताव्याची रक्कम बहुधा दुकानाला द्यायच्या पुढच्या पैशांतून वळती करून घेतो. दुकानाच्या नावावर तेवढी शिल्लक नसेल, तर सूचना तिथेच रांगेत पडून राहते. लहान दुकानांच्या बाबतीत ‘इनिशिएटेड’वर गाडी अडून बसते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. या टप्प्यावर बँकेत जाण्यात काहीच अर्थ नाही, कारण बँकेला अजून पत्ताच नसतो.

‘रिफंड प्रोसेस्ड’ म्हणजे गेटवेने ती सूचना पुढे, म्हणजे दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे धाडली. यूपीआयने पैसे भरले असतील तर इथून पुढचा प्रवास सहसा झटपट होतो. कार्डाचं तसं नाही. कार्डाचे व्यवहार एकगठ्ठा फायलींमधून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे येतात, मग आपली बँक ते खात्याशी जुळवते. पाच ते सात कामाचे दिवस लागतील असं दुकानं सांगतात, ते या जुळवणीमुळे. त्या दिवसांत रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार धरायचा नसतो.

राहिला ‘क्रेडिटेड’. हा शब्द सर्वांत फसवा आहे. दुकानाला आपलं बँक खातं दिसत नाही, त्यामुळे पैसे जमा झाल्याचं त्याने स्वतः पाहिलेलं नसतं. पुढच्या यंत्रणेकडून ‘यशस्वी’ असा निरोप आला, किंवा ठरलेले दिवस उलटले, की पानावरचा शब्द बदलतो. म्हणून ‘क्रेडिटेड’ दिसल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: कुठे? काही वेळा रक्कम त्या दुकानाच्याच वॉलेटमध्ये जमा केलेली असते. रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी काढलेल्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला संमती दिली नसेल तर परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने गेला पाहिजे. माल परत करताना आपण घाईत वॉलेटचा पर्याय निवडला होता का, हे आधी तपासावं. निवडला नसेल तर बँकेतच पैसे द्या असा आग्रह धरायचा आपल्याला हक्क आहे.

आता तो क्रमांक. कार्डाच्या परताव्याला एआरएन असतो, तो २३ आकडी. यूपीआयच्या परताव्याला १२ आकडी आरआरएन असतो, त्यालाच बोलताना यूटीआर म्हणतात. माल घरी आल्यावर रोख पैसे दिले असतील आणि परतावा एनईएफटीने येणार असेल, तर यूटीआर १६ अक्षर-अंकांचा असतो आणि त्याच्या सुरुवातीला पाठवणाऱ्या बँकेची चार अक्षरं असतात.

इथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. लोक बँकेला ऑर्डर क्रमांक देतात, किंवा पैसे भरले तेव्हाचा यूटीआर देतात. ऑर्डर क्रमांक बँकेच्या लेखी निरर्थक आहे. आणि पैसे भरतानाचा यूटीआर हा पैसे गेल्याचा पुरावा आहे, परत आल्याचा नव्हे. परतावा हा स्वतंत्र व्यवहार असल्याने त्याला स्वतःचा नवा क्रमांक पडतो. दुकानाकडून कधी कधी ‘रिफंड आयडी’ म्हणून अक्षरांचा एक गुंता मिळतो. तो गेटवेचा अंतर्गत क्रमांक असतो, बँकेला त्याचाही उपयोग नाही. दुकानाशी बोलताना शब्द नेमके वापरावेत: ‘परताव्याचा एआरएन द्या’ किंवा ‘परताव्याचा आरआरएन द्या.’

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, एका बाईंनी डेबिट कार्डाने २,८४९ रुपयांचा मिक्सर घेतला. भांड्याला तडा होता म्हणून परत केला आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला, शुक्रवारी, तो घरून नेला गेला. सोमवारी, १० तारखेला पान ‘इनिशिएटेड’ म्हणालं, ११ ला ‘प्रोसेस्ड’, १४ ला ‘क्रेडिटेड’. पासबुकात काही नाही. बाईंनी दुकानाकडे एआरएन मागितला आणि त्यांना हा मिळाला (आकडे अर्थातच काल्पनिक आहेत):

```
71234565316002188473090
```

नुसता बँकेला पाठवून द्यायच्या आधी या क्रमांकाकडे नीट बघावं. पहिला आकडा सोडला की पुढचे सहा आकडे दुकानाच्या बाजूच्या बँकेची ओळख सांगतात. त्यानंतरचे चार, म्हणजे आठवा ते अकरावा, हे आहेत 5316. यातला पहिला ५ म्हणजे २०२५ या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि ३१६ म्हणजे वर्षाचा तीनशे सोळावा दिवस. ऑक्टोबरअखेर ३०४ दिवस होतात, म्हणजे ३१६ वा दिवस १२ नोव्हेंबर. पानावर ‘प्रोसेस्ड’ ११ तारखेला उमटलं असलं, तरी बँकांच्या जाळ्यातली नोंद १२ ची आहे. बँकेचे दिवस मोजायचे ते १२ पासून. क्रमांक मोजून २३ आकडी भरला नाही, किंवा त्यातली तारीख माल परत करण्याच्या आधीची निघाली, तर दुकानाने चुकीचा क्रमांक दिला आहे असं समजून तिथेच परत विचारावं.

सात कामाचे दिवस मोजले तर २० नोव्हेंबर येतो. बाईंनी २४ ला, सोमवारी, बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहिलं:

‘माझ्या डेबिट कार्डावर (शेवटचे चार अंक अमुक) २,८४९ रुपयांचा परतावा येणे आहे. अमुक दुकानाने तो १२ नोव्हेंबर २०२५ रोजी पाठवला असून एआरएन सोबत दिला आहे. ही रक्कम माझ्या खात्यात जमा झालेली नाही. कृपया एआरएनवरून शोध घेऊन रक्कम जमा करावी, किंवा हा व्यवहार आपल्याकडे आलेला नसल्यास तसं लेखी कळवावं आणि या तक्रारीचा क्रमांक द्यावा.’

यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. बँकेने ‘आलेलं नाही’ असं लेखी दिलं, की ते पत्र दुकानापुढे ठेवता येतं. मग दुकानाला आपल्या गेटवेकडे चौकशी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. या उदाहरणात मात्र पैसे बँकेतच सापडले. मधल्या काळात बाईंचं कार्ड हरवलं होतं आणि त्यांनी नवीन घेतलं होतं. परतावा आला तो जुन्या कार्ड क्रमांकावर, खात्याशी आपोआप जुळला नाही आणि बँकेच्या तात्पुरत्या खात्यात पडून राहिला. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला फक्त ग्राहकाचं खातं दिसतं, म्हणून तो ‘काही नाही’ म्हणाला. कार्डाचे व्यवहार जुळवणाऱ्या विभागाने एआरएन टाकला तेव्हा रक्कम मिळाली.

यूपीआयमध्ये घोळ वेगळा असतो. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, आज अ‍ॅपमध्ये कोणतं खातं पहिलं लावलं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन-तीन खाती जोडलेली असली की माणूस भलत्याच खात्यात शोधत बसतो. शिवाय अ‍ॅपच्या इतिहासात परतावा दिसेलच असं नाही. बँकेचं स्टेटमेंट उघडून त्यात तो १२ आकडी क्रमांक शोधावा. दुकानाचं नाव शोधू नये, तिथे गेटवेचंच नाव असू शकतं. क्रेडिट कार्डावर आणखी एक प्रकार घडतो: ऑर्डर लगेच रद्द केली आणि रक्कम पक्की वसूल झालेली नसली, तर वेगळा परतावा येतच नाही, अडवलेली रक्कम मोकळी होते. अशा वेळी एआरएन नसणं योग्यच आहे.

आणखी एक फरक सांगायला हवा, कारण त्यावरून बँकेत उगाच वाद होतात. खात्यातून पैसे कापले गेले पण ऑर्डर झालीच नाही, तर तो फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन कार्ड खरेदी किंवा दुकानाला केलेलं यूपीआय पेमेंट असं फसलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माल परत करून मिळणाऱ्या परताव्याला हा शंभर रुपयांचा नियम लागू नाही. तिथे ई-कॉमर्स नियम, २०२० कामी येतात. त्यांनुसार दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

या सगळ्या धावपळीत दुकानाचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये, अ‍ॅपमधूनच संपर्क करावा. परताव्यासाठी अडलेल्या माणसाला गाठायला खोटे नंबर पेरलेले असतात. एआरएन किंवा आरआरएन सांगण्यात धोका नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी मात्र कधीच लागत नाही. तो मागणारा माणूस चोर आहे, फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० वर कळवावं.

दुकान क्रमांकच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. क्रमांक हातात असून बँक ढिम्म असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार केल्यापासून ३० दिवस थांबावं आणि मग cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे बँकेकडची तक्रार आणि तिची तारीख विचारतात. म्हणून बँकेशी पहिला संपर्कही फोनवर न करता ईमेलने करावा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा.