शब्द तोच, अर्थ भलताच!

१७८१ मध्ये जबलपूर मराठ्यांच्या ताब्यात आलं, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलं. मराठी मात्र इथे हिंदीच्या शेजारी अजून नांदते आहे. शेजारधर्म छान चालतो, पण काही शब्द घोळ घालतात.

अनोळखी शब्दाची भीती नसते. कळला नाही तर आपण विचारतो. फसवतो तो दोन्हीकडे सारखाच असलेला शब्द, कारण विचारायचं सुचतच नाही.

समजा, पुण्याची मुलगी लग्न होऊन जबलपूरला आली. शेजारीण कौतुकानं सांगते, "हमने बहू को खुश रखने की बड़ी चेष्टा की." नव्या नवरीला वाटतं, बिचाऱ्या सुनेची टिंगल केली! संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. हिंदीनं त्यातला प्रयत्न ठेवला, मराठीनं थट्टा. उलट, मराठी आजी नातवाला म्हणाली, "चेष्टा करू नकोस", तर त्याच्या हिंदी मित्राला वाटेल, आजी प्रयत्नच करू देत नाही!

यावर एक सोपी खूण आहे. चेष्टेआधी काय आलंय ते पाहा. माणूस असेल, म्हणजे "माझी चेष्टा", तर बहुधा थट्टा. काम असेल, म्हणजे "समझाने की चेष्टा", तर प्रयत्न.

'शिक्षा'चंही तसंच. मूळ अर्थ शिकणं. हिंदीत तो तसाच राहिला, मराठीत शिकवण्यातून वळण लावणं आलं आणि त्यातून दंड. म्हणून मध्य प्रदेशातली 'स्कूल शिक्षा विभाग' ही पाटी वाचून मराठी पाहुणे दचकतात. इथे क्रियापद मदतीला येतं: हिंदीत शिक्षा 'ग्रहण' करतात, मराठीत 'भोगतात'.

जबलपूरचे हरिशंकर परसाई हिंदीतले मोठे व्यंग्यकार. बोलताना शेवटचा 'य' गळतो आणि उरतं 'व्यंग'. मराठीत व्यंग म्हणजे शरीरातला दोष, हिंदीत व्यंग्य म्हणजे उपरोध. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. योगायोग असा, की परसाईंना १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'विकलांग श्रद्धा का दौर' या पुस्तकासाठी!

सगळ्यात जपायचं ते लाडाच्या शब्दांना. मराठी आई बाळाला "माझं पिल्लू" म्हणते, तेव्हा तिच्या मनात चिमणीचं किंवा मांजरीचं पिल्लूही असतं. हिंदीत 'पिल्ला' म्हणजे कुत्र्याचंच पिल्लू, आणि भांडणात तो शब्द थेट शिवी होतो. स्वतःच्या बाळाला खुशाल पिल्लू म्हणा. शेजाऱ्यांच्या बाळाला मात्र 'मुन्ना' किंवा 'गुड़िया' म्हटलेलं बरं.