चार आण्याचा डेल्टा, बारा आण्याचं हेजिंग

दिवसाचे व्यवहार संपले की ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट मेलवर येते. बहुतेक ट्रेडर पीडीएफ उघडतात, सगळ्यात खालचा आकडा बघतात आणि मिटतात. मधल्या ओळी कुणी वाचत नाही: ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क, स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी. डेल्टा न्यूट्रल ट्रेडिंग करणाऱ्या छोट्या ट्रेडरचं भवितव्य मात्र याच ओळींत ठरतं.

या पद्धतीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. बाजार वर जाणार की खाली, हे सांगावं लागत नाही. निफ्टी एक पॉइंट हलला की ऑप्शनचा भाव किती हलतो, त्याला डेल्टा म्हणतात. चालू भावाजवळच्या कॉलचा डेल्टा अर्ध्याच्या आसपास असतो आणि पुटचा उणे अर्धा. एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही विकले, म्हणजे स्ट्रॅडल विकला, की दोघांचे डेल्टा एकमेकांना खातात आणि बेरीज शून्यावर येते. मग पैसे कशातून मिळतात? बाजाराने ऑप्शनच्या भावात जेवढी चंचलता धरली आहे, त्यापेक्षा प्रत्यक्षात बाजार कमी हलला, तर त्या फरकातून.

उदाहरणासाठी 2025 मधला ठाण्याचा एक छोटा ट्रेडर घेऊ. तो काल्पनिक आहे, पण दर खरे आहेत. निफ्टी 24,000 वर आहे, एक्स्पायरीला 28 दिवस आहेत, लॉट 75 चा आहे. ऑप्शनच्या भावात वर्षाला 13 टक्के चंचलता धरलेली आहे. आपल्या ट्रेडरचा अंदाज 12 टक्क्यांचा आहे आणि तो बरोबर ठरतो, असंही मानू. स्ट्रॅडलचा भाव साधारण 690 पॉइंट येतो. चंचलतेच्या एका टक्क्याची किंमत 53 पॉइंट, म्हणजे लॉटमागे चार हजार रुपये.

तो एक नाही, चार लॉट विकतो. यात हाव नाही, नाइलाज आहे. डेल्टा सरकला की तो फ्युचर्सने परत शून्यावर आणावा लागतो आणि फ्युचर्सचा सर्वांत लहान तुकडाही 75 चाच असतो. एका लॉटच्या स्ट्रॅडलचा डेल्टा कधीच 75 च्या पुढे जात नाही. त्याला फ्युचर्स लावणं म्हणजे बोटाला चटका बसला म्हणून सगळा हात प्लास्टरमध्ये घालणं. चार लॉट, म्हणजे 300 युनिट असले, तरच एक लॉट फ्युचर्स दुरुस्तीच्या कामाचा ठरतो. मार्जिन मात्र आठ-नऊ लाखांच्या घरात जातं.

एक्स्पायरीच्या शेवटच्या आठवड्यात डेल्टा फार वेगाने उडतो, म्हणून तो आठवडाभर आधीच बाहेर पडतो. तीन आठवड्यांत अंदाज खरा ठरल्याबद्दल त्याच्या वाट्याला यायला हवेत ते सुमारे साडेअकरा हजार रुपये. हीच त्याची सगळी पुंजी, बाजाराच्या भाषेत ‘एज’. पुढचा सगळा खर्च याच्यातूनच निघणार आहे.

आता दुरुस्तीचा खर्च. निफ्टी 100 पॉइंट हलला की या पोझिशनचा डेल्टा सुमारे 28 युनिटांनी सरकतो. वर गेला तर उणे होतो, म्हणून फ्युचर्स घ्यायचे. खाली आला तर अधिक होतो, म्हणून विकायचे. एक लॉट फ्युचर्स म्हणजे 18 लाखांचा सौदा. तो विकताना 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या 0.02 टक्के दराने एसटीटीच 360 रुपये लागतो. एक्स्चेंजचे 31, ब्रोकरेज 20, सेबीचं शुल्क आणि जीएसटी धरून विक्रीला 422 रुपये पडतात. खरेदीला एसटीटी नाही. स्टॅम्प ड्यूटी आणि बाकीचं मिळून 98 रुपये. घेणं आणि विकणं मिळून 520. शिवाय बाजारभावाने ऑर्डर टाकली की प्रत्येक वेळी एखादा पॉइंट निसटतो, तो 75 रुपयांचा. सरासरी काढली तर प्रत्येक दुरुस्ती 335 रुपयांना पडते. 18 लाखांच्या सौद्यापुढे ही रक्कम किरकोळ वाटते आणि घात तिथेच होतो, कारण तुलना 18 लाखांशी नाही, साडेअकरा हजारांशी करायची असते.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. वर घ्यायचं आणि खाली विकायचं, यात दर वेळी थोडा तोटा होतो. तो खर्च नाही. स्ट्रॅडल विकून मिळालेल्या प्रीमियममध्ये त्याची भरपाई आधीच धरलेली असते आणि साडेअकरा हजार हा आकडा तो तोटा वजा करूनच आलेला आहे. 335 रुपयांची भरपाई मात्र कुणीही देत नाही.

मग डेल्टा किती सरकल्यावर दुरुस्ती करायची? नवा ट्रेडर सहज म्हणतो, जितक्या लवकर तितकं चांगलं. अर्ध्या लॉटच्या जरा पुढे, समजा 40 युनिटांवर. निफ्टी 145 पॉइंट वर गेला, डेल्टा उणे 40 झाला, त्याने एक लॉट घेतला. घेतला 75 चा, त्यामुळे डेल्टा शून्यावर न थांबता अधिक 35 वर गेला. आता निफ्टी फक्त 18 पॉइंट खाली आला की डेल्टा पुन्हा 40. विका. तो झाला उणे 35. परत 18 पॉइंट वर, घ्या. निफ्टीला 18 पॉइंट हलायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळही लागत नाही. बाजार उड्या न मारता सलग हलतो असं धरून हिशेब केला, तर या नियमाने तीन आठवड्यांत सुमारे 115 सौदे होतात. खर्च 38 हजारांच्या वर. साडेअकरा हजारांच्या कोंबडीला एवढा मसाला!

उंबरठा 50 वर नेला की चित्र एकदम पालटतं. दुरुस्तीनंतर डेल्टा दुसऱ्या बाजूला 25 वर जाऊन बसतो, उलट सौद्यासाठी 90 पॉइंटांची चाल लागते. सौदे 23 च्या आसपास, खर्च 7,700. आणि उंबरठा थेट 75 वर ठेवला, म्हणजे दुरुस्तीनंतर डेल्टा नेमका शून्यावर येईल असा, तर सौदे आठच. खर्च 2,700.

अर्थात कमी दुरुस्तीचीही किंमत असते, ती अनिश्चिततेच्या रूपात द्यावी लागते. 75 च्या उंबरठ्यावर तीन आठवड्यांचा निकाल अपेक्षेपेक्षा 21 हजारांनी इकडे किंवा तिकडे जाणं अगदी सामान्य आहे. 50 वर हा हेलकावा 16 हजारांवर येतो. आणि 40 वर? फक्त 15 हजारांपर्यंत. म्हणजे 50 वरून 40 वर येताना खर्च पाचपट झाला आणि हेलकावा जेमतेम हजार रुपयांनी कमी झाला. लॉटचा आकारच ठोकळा असल्यामुळे बारीक उंबरठ्याने बारीक हेजिंग होत नाही, नुसती फेरफटक्यांची संख्या वाढते.

ऑप्शनमध्ये शिरण्या-निघण्याचा खर्च निसटलेल्या पॉइंटांसह साधारण 1,700 रुपये धरा. 75 वर शिल्लक राहतात 7,100 रुपये, 50 वर 2,100. आता हेलकाव्याशी तुलना केली की एक गंमत दिसते, गंमत म्हणायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्याला मिळतंय ते कौशल्याचं की नशिबाचं, हे आकडेवारीने ठामपणे सांगायचं तर 75 च्या नियमाला अशी सुमारे 35 आवर्तनं लागतील, म्हणजे महिन्याला एक धरून जवळजवळ तीन वर्षं. 50 च्या नियमाला लागतील 19 वर्षं. तोवर करांचे दर, लॉटचा आकार आणि बहुधा ट्रेडरचा धीरही बदललेला असेल.

उंबरठ्याचा प्रश्न अभ्यासकांनीही सोडवून पाहिला आहे. सौद्याचा खर्च असताना हेजिंग कसं करावं, यावर हेन लेलँड यांनी 1985 मध्ये लिहिलं. पुढे 1997 मध्ये व्हॅली आणि विल्मॉट यांनी दाखवलं की डेल्टाभोवती एक पट्टा ठेवावा, तो ओलांडेपर्यंत काहीच करू नये आणि पट्टा खर्चाच्या घनमुळाच्या प्रमाणात रुंद करावा. खर्च आठपट झाला तर पट्टा दुप्पट. म्हणूनच 2024 मध्ये फ्युचर्सवरचा एसटीटी 0.0125 वरून 0.02 टक्के झाला, म्हणजे 60 टक्क्यांनी वाढला, तेव्हा सगळा खर्च तेवढाच वाढला असं धरलं तरी पट्टा 17 टक्क्यांनीच रुंद करायला हवा होता. बाकीची वाढ मुकाट्याने सोसायची. त्यांच्या गणितात पट्ट्याच्या कडेपर्यंतच परतायचं असतं, पूर्ण शून्यावर नाही. पण त्यासाठी पाच-दहा युनिटांचे सौदे करता आले पाहिजेत. मोठ्या फंडाला एक लॉट म्हणजे सुट्टे पैसे. ठाण्याच्या ट्रेडरला ती शंभराची एकमेव नोट.

यावर तोडगा म्हणून अनेक जण फ्युचर्सऐवजी ऑप्शननेच दुरुस्ती करतात. निफ्टी घसरला की आणखी एक लॉट कॉल विकायचा. ऑप्शनवरचा एसटीटी कॉन्ट्रॅक्टच्या किमतीवर नाही, प्रीमियमवर लागतो. 250 रुपयांचा कॉल विकला तर 0.1 टक्के दराने 19 रुपये. फ्युचर्सला 360 लागले होते. कॉन्ट्रॅक्ट नोट एकदम हलकी होते. पण विकलेल्या ऑप्शनांची संख्या वाढलेली असते, त्यामुळे पुढच्या 100 पॉइंटांना डेल्टा 28 ऐवजी 31-32 ने सरकतो. एसटीटीचे पैसे वाचवून जोखीम विकत घेतलेली असते आणि तिची पावती मेलवर येत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या आणि 2023-24 मध्ये प्रत्येकाने सरासरी 26 हजार रुपये निव्वळ व्यवहारखर्चापोटी भरले होते. सगळे काही डेल्टा न्यूट्रल करणारे नव्हते. पण ज्याची एज महिन्याला दहा-बारा हजारांची आहे, त्याला 26 हजार म्हणजे किती आवर्तनं, हे वेगळं सांगायला नको.

खर्च एज खातोय का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. डायरीत प्रत्येक दुरुस्तीपुढे वेळ लिहायची आणि त्याच दिवशी उलटा सौदा झाला असेल तर दोन्हींवर फुली मारायची. निम्म्याहून जास्त सौद्यांवर फुल्या पडत असतील, तर उंबरठा लॉटच्या मानाने फार जवळ आहे. काही जण आणखी साधा उपाय करतात: दिवसातून एकदाच, सव्वातीनला डेल्टा बघायचा. दुपारच्या 18 पॉइंटांच्या हेलकाव्यांकडे मग लक्षच जात नाही.

पण कुठलाही उंबरठा बाजार उघडा असतानाच काम करतो. 4 एप्रिल 2025 ला, शुक्रवारी, निफ्टी 22,904 वर बंद झाला. अमेरिकेच्या आयातशुल्कांच्या धसक्याने सोमवारी, 7 एप्रिलला तो उघडला 21,758 वर. मधल्या साडेअकराशे पॉइंटांत एकही सौदा करायला जागा नव्हती. शुक्रवारी 22,900 च्या स्ट्राइकवर चार लॉट 690 ला विकून, डेल्टा अगदी शून्यावर ठेवून कुणी झोपला असता, तर सकाळी सव्वानऊला ऑप्शनचं निव्वळ आंतरिक मूल्य धरूनही तो 1 लाख 35 हजारांनी तोट्यात असता. साडेअकरा हजारांची बारा आवर्तनं, तीही खर्च न कापता. त्याच दिवशी निफ्टी चारशे पॉइंट सावरून 22,161 वर बंद झाला. उघडताच घाबरून ज्यांनी तीन लॉट फ्युचर्स विकून डेल्टा शून्यावर आणला असेल, त्यांना ही उसळीही उलटीच लागली.